ट्रायमिक्स फ्लोअरचं टेक्निकल बिड प्रेझेंटेशन: स्लाइड बनवायच्या आधी पट्ट्या मोजा

प्रश्न: एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गोडाऊनचं ट्रायमिक्स फ्लोअरिंगचं टेंडर आहे. ५० बाय ४८ मीटर, १५० मिमी जाडी, एम ३०, खाली १०० मिमी पीसीसी आपलीच, मुरूम त्यांनी भरून दिलाय. मुदत ४५ दिवस. आजवर नुसते रेट देऊन कामं घेतली, यांनी पहिल्यांदाच टेक्निकल बिडचं प्रेझेंटेशन मागितलंय, मेथड स्टेटमेंट, टीम, इक्विपमेंट, शेड्यूल, २० मिनिटांत. माझी १४ माणसं, एक डिप्लोमा इंजिनियर आणि ट्रायमिक्सचा एक सेट आहे. नेटवरची पीपीटी उचलून नाव बदललं तर चालेल का, आणि नाही तर काय काय टाकू?

उत्तर:

उचललेली पीपीटी नका देऊ. मी आधी १२ वर्षं स्वतः फ्लोअरिंगची कामं घेतली आणि आता क्लायंटच्या बाजूने बसून टेक्निकल बिडं तपासतो, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो. उचललेली पीपीटी तिसऱ्या स्लाइडला ओळखू येते, कारण तिच्यात तुमच्या कामाचा एकही आकडा नसतो. पंप फाउंडेशनचं मेथड स्टेटमेंट फ्लोअरिंगच्या बिडात तसंच चिकटवलेलं मी बघितलंय, पहिल्या ओळीत काम फ्लोअरचं आणि सहाव्या ओळीत अँकर बोल्ट.

तपासणारा माणूस काय करतो ते आधी सांगतो, मग डेक कसा बांधायचा ते आपोआप कळेल. तो चारही भाग सुटे सुटे वाचत नाही. शेड्यूलमधून रोजचं किती काम धरलंय ते काढतो, मग मागे जाऊन बघतो की तेवढं काम या मशीनवर होतं का, तेवढी माणसं टीमच्या स्लाइडवर आहेत का, आणि मेथडमध्ये लिहिलेल्या क्रमाने ते जमतं का. जिथे ताळमेळ तुटतो तिथे त्याचा पहिला प्रश्न येतो. म्हणून चारही स्लाइड एकाच हिशोबातून निघाल्या पाहिजेत, आणि तो हिशोब म्हणजे तुम्ही एका दिवसात किती फ्लोअर ओतून फिनिश करू शकता. तुमचंच काम घेऊन करून दाखवतो.

४८ मीटर रुंदीत ४ मीटरच्या १२ पट्ट्या बसतात, प्रत्येक ५० मीटर लांब. ४ मीटरच का, तर १५० मिमी स्लॅबला जॉइंटमधलं अंतर जाडीच्या २४ ते ३० पट ठेवतात, म्हणजे ३.६ ते ४.५ मीटर, आणि ट्रायमिक्सचा स्क्रीडही त्या रुंदीला नीट चालतो. एक पट्टी २०० चौरस मीटर, गुणिले ०.१५, म्हणजे ३० घनमीटर, म्हणजे ६ घनमीटरचे ५ ट्रान्झिट मिक्सर. एका दिवसाला एक पट्टी हे तुमचं एकक. असे १२ दिवस ओतायचे आहेत. ही ओळ डेकमध्ये मोठ्या अक्षरात टाका, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

पट्ट्या एकाआड एक ओतायच्या. आधी १, ३, ५, ७, ९, ११ आणि मग २, ४, ६ अशा. मेथड स्टेटमेंटची पहिली स्लाइड म्हणजे हा नकाशाच असू दे, गोडाऊनचा चौकोन, त्यात १२ पट्ट्या, प्रत्येकीत ओतायचा क्रमांक आणि कितवा दिवस. दरवाजे दाखवा, कॉलम दाखवा, आरएमसीची गाडी कुठून येते त्याचा बाण दाखवा. हाताने काढून मोबाईलवर स्कॅन केलेला नकाशा असला तरी चालेल, मी तर म्हणेन उलट बरा, कारण त्यावरून कळतं की तुम्ही साईटवर जाऊन आलाय.

आता याच नकाशावर तुमची खरी परीक्षा आहे. विषम पट्ट्या ओतताना गाडी शेजारच्या मोकळ्या पट्टीत उभी राहते आणि च्यूट टाकून माल सोडते, काही अडचण नाही. पण सम पट्टीची वेळ येते तेव्हा दोन्ही बाजूंना तयार फ्लोअर झालेलं असतं, मग गाडी जाणार कुठून? त्याच पट्टीत रिव्हर्स घातली तर ४ मीटर रुंदीत दोन्ही काठांनी डॉवेल बार साधारण पाव-पाव मीटर बाहेर आलेले असतात, उरली साडेतीन मीटर, गाडी अडीच मीटरची, म्हणजे दोन्हीकडे जेमतेम अर्धा मीटर आणि तेसुद्धा ५० मीटर रिव्हर्समध्ये. एक चाक जरा सरकलं की डॉवेल वाकले. शिवाय प्लॅस्टिक शीट आधी अंथरलेलं असेल तर भरलेल्या गाडीखाली ते फाटतं. हा प्रश्न मी प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये विचारतो आणि निम्मे लोक तिथेच एकमेकांकडे बघायला लागतात. तुम्ही उत्तर आधीच स्लाइडवर ठेवा: सम पट्ट्यांना काँक्रीट पंप लावणार, गाडी दरवाजाबाहेर उभी राहणार, पाइपलाइन तयार फ्लोअरवर गोणपाट आणि फळ्या टाकून त्यावरून नेणार. पंपाचे ६ दिवस भाडं पडेल, ते तुमच्या रेटमध्ये धरा. आणि आरएमसीवाल्याला पंपाचा स्लम्प वेगळा सांगावा लागेल तेही मेथडमध्ये लिहा, कारण जास्त स्लम्पचा माल व्हॅक्यूमला आणि फिनिशिंगला जास्त वेळ खातो.

विषम-सम क्रमाचा अजून एक परिणाम क्युरिंगवर होतो. बहुतेक डेकमध्ये एक ओळ असते, पाणी साठवून ७ दिवस क्युरिंग. आता विषम पट्टीवर आळं करून पाणी साठवलं तर ते काठाने झिरपून शेजारच्या रिकाम्या सम पट्टीत उतरणार, जिथे तुम्हाला आठ-दहा दिवसांनी माल ओतायचाय. म्हणून विषम पट्ट्यांवर ओलं गोणपाट आणि वर प्लॅस्टिक, शेजारच्या सम पट्ट्या भरून झाल्या की मग आळी. हे एवढं एक वाक्य स्लाइडवर असलं की बघणाऱ्याला कळतं की या माणसाने स्वतःच्या हाताने काम केलंय. दिवसांचं म्हणाल तर आयएस ४५६ मध्ये साध्या ओपीसीला किमान ७ आणि पीपीसी किंवा फ्लाय अ‍ॅश, स्लॅग असलेल्या मिक्सला किमान १० दिवस आहेत. आरएमसीत जवळपास नेहमीच फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग असतं. तेव्हा १० लिहा, ७ लिहून उगाच पकडीत येऊ नका. उन्हाळ्यात काम असेल तर त्याहून जास्त धरा.

मेथडचा बाकीचा भाग फार ताणू नका. मुरूम पाणी मारून रोलरने दाबणं आणि डेन्सिटी टेस्ट, पीसीसी, प्लॅस्टिक शीट, चॅनेल लेव्हलला बसवणं, डॉवेल, माल ओतणं, काठाने नीडल आणि मग स्क्रीड, व्हॅक्यूम, फ्लोटिंग, पॉवर ट्रॉवेल, ग्रूव्ह कटिंग, क्युरिंग, सीलंट, हे दोन स्लाइडमध्ये बसतं. फक्त प्रत्येक पायरीपुढे "कसं ओळखायचं" हा कॉलम ठेवा. उदाहरणार्थ व्हॅक्यूम झाल्यावर काँक्रीटवर उभं राहिलं तर बुटाचा ठसा जेमतेम उमटतो, पाय रुतत नाही, तेव्हा फ्लोट फिरवायचा. ग्रूव्ह दुसऱ्या दिवशी, २४ तासांच्या आत, ४० ते ५० मिमी खोल. कापताना कडेची खडी निखळायला लागली तर घाई झालीय, थोडं थांबा. आणि पॅनलमध्ये आपोआप केसासारखी आडवी चीर दिसली तर उशीर झालाय. ५० मीटरच्या पट्टीला ११ आडवे कट लागतात, प्रत्येकी ४ मीटर, म्हणजे एकूण ४४ मीटर. काम दोन-तीन तासांचं आहे पण त्या दोन-तीन तासांना मशीन आणि माणूस तिथे हवा, ओतायच्या गँगमधून उसना घेऊन भागत नाही.

आता इक्विपमेंट. इथे लोक फोटोंची जत्रा भरवतात, जेसीबी, डंपर, टॉवर क्रेनसुद्धा. तुमच्या कामाला लागणारं मशीन, किती नग, स्वतःचं की भाड्याचं, आणि ते मशीन दिवसाला किती करतं, एवढे चार कॉलम पुरे. यातला शेवटचा कॉलम कोणी देत नाही आणि तोच कामाचा आहे.

तुमच्याकडे ट्रायमिक्सचा एक सेट आहे म्हणता, तर व्हॅक्यूमचा हिशोब मांडून बघा. सक्शन मॅट साधारण ४ बाय ५ मीटरची असते, म्हणजे एका वेळी २० चौरस मीटर. २०० चौरस मीटरला १० वेळा मॅट टाकावी लागणार. १५० मिमी जाडीला साधारण २० मिनिटं सक्शन धरा, आणि मॅट उचलून फिल्टर पॅड हलवून परत टाकायला १० मिनिटं. १० वेळा ३० मिनिटं, म्हणजे ५ तास. दुसऱ्या बाजूला माल किती वेळात ओतून होतो? एक गाडी ४० मिनिटं धरली तर ५ गाड्या साडेतीन तासांत रिकाम्या. म्हणजे तुमचं व्हॅक्यूम दीड तास मागे पडतं आणि शेवटच्या १०-१५ मीटरला मॅट पोचते तेव्हा उन्हाच्या दिवसांत तो माल ताठ झालेला असतो, पाणी ओढलंच जात नाही. नंतर सहा महिन्यांनी धूळ उडते ती नेमकी पट्टीच्या शेवटच्या टोकाला. यावर उपाय फार महाग नाही, व्हॅक्यूम पंप तोच ठेवा आणि मॅटचा दुसरा संच घ्या. एक मॅट सक्शनवर असताना दुसरी अंथरून तयार ठेवायची, मग १० वेळा २० मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं, ओतण्याच्या बरोबरीने. इक्विपमेंटच्या स्लाइडवर "व्हॅक्यूम पंप १, मॅट २ संच" असं लिहून खाली हा हिशोब दोन ओळींत टाका. तीन सेटवाला मोठा कॉन्ट्रॅक्टर हा हिशोब दाखवत नाही, तुम्ही दाखवा.

पॉवर ट्रॉवेल दोन चालू आणि एक जादा ठेवा, कारण ते रात्री दहा वाजता बंद पडलं तर गावात मेकॅनिक मिळत नाही. जनरेटर, रात्रीचे हॅलोजन, ग्रूव्ह कटरला जादा ब्लेड, आणि लेव्हलचं मशीन कॅलिब्रेशन सर्टिफिकेटसकट. क्यूब मोल्ड किती लिहायचे हेही मोजून लिहा. ३० घनमीटरला आयएस ४५६ प्रमाणे ३ सॅम्पल, म्हणजे २८ दिवसांचे ९ क्यूब, ७ दिवसांचे ३ जादा घेतले तर दिवसाला १२. सलग दोन दिवस ओतणार असाल तर पहिल्या दिवसाचे क्यूब मोल्डमधून निघायच्या आत दुसऱ्या दिवसाची गाडी दारात येते, म्हणून मोल्ड २४ हवेत. बारीक गोष्ट आहे पण क्वालिटीवाला माणूस समितीत असेल तर त्याचं लक्ष इथे जातंच.

भाड्याच्या मशीनला लाजू नका. मालकाचं पत्र जोडा की अमुक तारखेपासून अमुक दिवस मशीन या कामाला देणार. आरएमसी प्लांटचंही तसंच पत्र, आणि जमलं तर दुसऱ्या एका प्लांटचं, पहिला बंद पडला तर म्हणून. फक्त एक जपा, ही पत्रं घेताना त्यावर भाडं किंवा घनमीटरचा रेट नको. दोन पाकिटांच्या पद्धतीत टेक्निकल पाकिटात एकही रुपया दिसला की बिड बाद होऊ शकतं. एका कामात एका चांगल्या छोट्या कॉन्ट्रॅक्टरने आरएमसीवाल्याचं पत्र म्हणून त्याचं पूर्ण कोटेशनच जोडलं होतं, रेटसकट. त्याचं मेथड बाकी सगळ्यांपेक्षा चांगलं होतं, पण नियमाप्रमाणे आम्हाला त्याला बाहेर काढावं लागलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. तेव्हा सगळी फाइल पाठवायच्या आधी शेवटी एकदा फक्त रुपये शोधायला म्हणून वाचा.

आता शेड्यूल आणि टीम एकत्रच घेतो, कारण तुमच्या केसमध्ये खरी गाठ तिथे आहे.

समजा पहिला दिवस सोमवार आणि रविवार सुट्टी. मुरूम दाबणं, लेव्हल, टेस्ट हे ६ दिवस. पीसीसी दिवसाला ४०० चौरस मीटर म्हणजे ४० घनमीटर, एकूण ६ दिवस, ती चौथ्या दिवसापासून तयार झालेल्या अर्ध्या भागात सुरू केली तर १० व्या दिवशी संपते. तोवर आधी झालेल्या पीसीसीवर चॅनेल बसवायला सुरुवात होते. इथपर्यंत ठीक.

आता तुमच्या १४ माणसांनी आणि चॅनेलच्या एका संचाने पट्ट्या ओतायच्या तर एक दिवसाआड जमेल, सोमवार, बुधवार, शुक्रवार. चॅनेल दुसऱ्या दिवशी काढून, सरकवून, परत लेव्हलला बसवायला तेवढा वेळ लागतोच. पहिली पट्टी १२ व्या दिवशी शुक्रवारी, आणि आठवड्याला तीन या वेगाने बारावी पट्टी ३८ व्या दिवशी. त्यावर १० दिवस क्युरिंग, झाले ४८. सीलंट आणि सफाई अजून बाकी. मुदत ४५. म्हणजे आहे त्या ताकदीवर हे काम वेळेत बसत नाही, आणि हे तुम्हाला प्रेझेंटेशनच्या आधी घरी कळलं पाहिजे, समितीसमोर नाही.

बरेच जण इथे काय करतात, बार चार्टमध्ये रोज एक पट्टी दाखवून मोकळे होतात. १२ दिवसांत १२ पट्ट्या, चार्ट सुंदर दिसतो. पण एका पट्टीचा दिवस कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. सकाळी ८ ला पहिली गाडी, साडेअकरा-बाराला ओतून होतं, व्हॅक्यूम साडेबारापर्यंत, मग थांबायचं, दुपारी तीन-चारला फ्लोट, संध्याकाळी पहिला ट्रॉवेल, मग दुसरा, आणि शेवटचा हात फिरेपर्यंत रात्रीचे दहा-अकरा. थंडीत बाराही वाजतात. तीच माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला परत उभी राहू शकत नाहीत, राहिली तरी तिसऱ्या दिवशी फिनिशिंग बिघडतं. मी स्वतः एकदा हे केलंय. एका गोडाऊनला मुदत कमी म्हणून एकाच फिनिशिंग गँगकडून सलग चार दिवस काम करून घेतलं, चौथ्या दिवशी रात्री ट्रॉवेलवाला मुलगा दमून मशीनवर हात ठेवूनच पेंगला, मशीन एका जागी फिरत राहिलं आणि हातभर व्यासाचा काळा खोलगट गोल पडला. मुलाला काही झालं नाही हे नशीब. ते पॅनल नंतर तोडून परत केलं. चूक त्या मुलाची नव्हती, माझ्या चार्टची होती.

तेव्हा असं करा. चॅनेलचे दोन संच, म्हणजे साधारण २०० मीटर, आणि फिनिशिंगच्या दोन गँग. आठवड्यात चार दिवस ओतायचं, सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार. एक गँग सोमवारी आणि गुरुवारी, दुसरी मंगळवारी आणि शुक्रवारी. पहिली पट्टी ११ व्या दिवशी गुरुवारी, सहा विषम पट्ट्या १९ व्या दिवशी संपतात. पुढच्या सोमवारी, २२ व्या दिवशी सम पट्ट्या सुरू, शेवटची ३० व्या दिवशी. १० दिवस क्युरिंग, झाले ४०. मग सीलंट ४१ आणि ४३ ला, ४४ ला सफाई, ४५ ला ताबा.

यात दोन गोष्टी बोलून दाखवण्यासारख्या आहेत. एक, बुधवार आणि शनिवार ओतण्यापासून मुद्दाम मोकळे ठेवलेत. ते चॅनेल बसवायचे दिवस आहेत, पण प्लांट बंद पडला, पाऊस आला, तर चुकलेली पट्टी त्या दिवशी भरून काढता येते आणि शेवटची तारीख हलत नाही. चार्टवर ते दिवस वेगळ्या रंगात दाखवा. दोन, सम पट्ट्यांना चॅनेल जवळपास लागतच नाहीत, शेजारच्या तयार पट्ट्यांचे काठच शटरिंगचं काम करतात, फक्त बारावीच्या भिंतीकडच्या बाजूला काय लागेल ते. म्हणजे २० व्या दिवसानंतर तुमची चॅनेल गँग मोकळी होते आणि तीच माणसं पंपाच्या पाइपलाइनला आणि क्युरिंगला जातात. हे टीमच्या स्लाइडवर बाणाने दाखवलंत की शेड्यूल आणि टीम एकमेकांत बसलेली दिसते.

माणसांची बेरीज अशी होते: ओतणं, पसरवणं, नीडल, स्क्रीड आणि व्हॅक्यूम मिळून १०, फिनिशिंगच्या दोन गँग ५-५, चॅनेल ४, ग्रूव्ह २, क्युरिंग २. एकूण २८. तुमची १४ आहेत, म्हणजे १४ बाहेरून आणायची. हे लपवू नका. टीमच्या स्लाइडवर सरळ दोन रंग करा, आपली आणि आणलेली, आणि कोणत्या जागेवर आपला माणूस आहे ते दाखवा. माझं मत विचाराल तर स्क्रीड, व्हॅक्यूम, चॅनेलची लेव्हल आणि प्रत्येक फिनिशिंग गँगचा म्होरक्या तुमचा हवा, पसरवायला आणि क्युरिंगला बाहेरचा चालतो. दुसऱ्या फिनिशिंग गँगच्या मुकादमाचं संमतीपत्र आणि त्याने केलेल्या एका फ्लोअरचा फोटो जोडा.

इंजिनियर एकच आहे आणि दिवस सकाळी ८ ते रात्री ११ चा आहे, मग रात्री साईटवर जबाबदार कोण, हा प्रश्न येणार. स्वतःचं नाव टाका. छोट्या कॉन्ट्रॅक्टरची हीच तर जमेची बाजू असते, मालक रात्री साईटवर असतो, मोठ्याकडे तो रिव्ह्यू मीटिंगला येतो. पण लिहिलंत तर खरंच थांबा. आणि सोडून गेलेल्या इंजिनियरचा बायोडाटा, मित्राच्या फर्ममधल्या सेफ्टी ऑफिसरचं नाव असलं काही टाकू नका. आम्ही फोन करतो. एकदा फोन केला तर समोरचा म्हणाला, मी तिथून दोन वर्षांपूर्वी सोडलं, आता दुबईत आहे. पीएफ, ईएसआयसीचे कागद आणि कामगार विमा परिशिष्टात जोडा, स्लाइडवर एक ओळ पुरे.

ताब्याच्या तारखेबद्दल एक गोष्ट न विचारता सांगा. ४५ व्या दिवशी शेवटची पट्टी फक्त १५ दिवसांची असेल. त्यावर माणसं, हातगाडी, हलकं सामान ठीक आहे, पण भरलेले रॅक आणि फोर्कलिफ्ट २८ दिवसांनी, म्हणजे कामाच्या ५८ व्या दिवसापासून, आणि तेही क्यूब पास झाल्यावर. कंपनीने रॅकवाल्याला ४६ व्या दिवसाची तारीख देऊन ठेवली असेल तर ती चूक आत्ताच समोर येईल. त्यांना घाईच असेल तर पर्याय द्या, विषम पट्ट्या १९ व्या दिवशी संपतात, त्यांचे २८ दिवस ४७ ला भरतात, पण एकाआड एक पट्टीवर रॅक लावता येत नाही, म्हणून हवं तर गोडाऊनचे दोन भाग करून डाव्या ६ पट्ट्या आधी पूर्ण करता येतील. त्यासाठी क्रम बदलेल आणि पंप दोनदा आणावा लागेल. हे तुम्ही सांगितलंत तर क्लायंटचा प्रोजेक्टवाला वही काढून लिहून घेतो, मी स्वतः लिहून घेतलंय.

शेवटची स्लाइड "थँक यू"ची नको, गृहीतकांची ठेवा. तुम्ही काय धरून हिशोब केलाय ते. मुरमाची डेन्सिटी टेस्ट नापास झाली तर दुरुस्ती कोणाची आणि दिवस कुठे मोजायचे. पाणी आणि लाइट कोण देणार. छताचे पत्रे आणि बाजूची शेड ओतायच्या आधी बंद झालेली असणार का, कारण उघड्या बाजूने वारा आत आला की फ्लोट फिरवायच्या आधीच वरचा थर सुकून जाळीसारख्या चिरा पडतात आणि मग दोष तुमच्या माथी येतो. रात्री ११ पर्यंत गेटवर परवानगी मिळणार का, काही कंपन्यांत सात वाजता बाहेरच्यांना काढतात, आणि तसं असेल तर वरचं सगळं शेड्यूल पहाटे चारला सुरू करावं लागेल. फ्लोअरची सपाटी किती मागितलीय तेही बघा, ३ मीटरच्या पट्टीखाली ३ मिमी ट्रायमिक्सने नीट केलं तर मिळतं. पण अरुंद गल्लीतल्या उंच रॅकच्या मशीनसाठी लागणारी सपाटी मागितली असेल तर ती या पद्धतीने येत नाही, ते तिथेच स्पष्ट सांगा.

एकूण १० स्लाइड पुरेत: काम समजलं ते एक, नकाशा एक, मेथड दोन, इक्विपमेंट एक, टीम एक, शेड्यूल एक, क्वालिटी आणि सेफ्टी एक, केलेली तीन कामं एक, गृहीतकं एक. बारा मिनिटं बोला, आठ मिनिटं प्रश्नांना ठेवा. इंजिनियरला सोबत न्या आणि नकाशाची स्लाइड त्यालाच बोलू द्या, मराठीत बोलला तरी चालतं.

आणि त्याआधी एकदा टेप घेऊन साईटवर जा, दरवाजाची रुंदी-उंची मोजा. ट्रान्झिट मिक्सर जवळजवळ चार मीटर उंच असतो, शटरच्या वर रोलिंगचा बॉक्स खाली आलेला असेल तर विषम पट्ट्यांनासुद्धा पंपच लागेल, मग सहा दिवसांचे बारा दिवस होतील आणि तुमचा रेट बदलेल. माप घेतलंत की इथे टाका, नकाशा काढलात तर तोही टाका, मी बघून सांगतो.